कामावर वारंवार उशिरा पोहोचल्याबाबत खुलासा

दिनांक : ६ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
पोवई नाका शाखा, सातारा.

विषय : जून व जुलै महिन्यांत कामावर उशिरा हजर झाल्याबाबत खुलासा सादर करणे.

संदर्भ : आपले दि. ४ ऑगस्ट २०२५ चे पत्र.

महोदय,

आपले संदर्भीय पत्र मिळाले. त्यात दिलेल्या तारखा आणि हजेरी यंत्रावरील वेळा मी माझ्याकडील नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या बरोबर असून त्यांबाबत माझी कोणतीही हरकत नाही.

मी रोखपाल असल्यामुळे माझा उशीर माझ्यापुरता राहत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक आपल्याकडे व दुसरी माझ्याकडे असते आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. जुलैमध्ये मी पावणेअकराला पोहोचले त्या दिवशी दहा वाजल्यापासून आलेले सभासद बाकावर बसून होते आणि पिग्मी प्रतिनिधींचा भरणा खोळंबला होता. त्या सभासदांमध्ये दवाखान्यात पैसे भरायचे म्हणून आलेले एक वृद्ध गृहस्थ होते. खिडकीशी आल्यावर ते मला काहीही बोलले नाहीत, परंतु त्यांनी पुढे केलेली विड्रॉल स्लिप इतका वेळ मुठीत धरल्याने ओलसर होऊन चुरगळली होती. त्यामुळे खालील मजकूर उशीर क्षम्य ठरावा म्हणून लिहिलेला नसून, तो कशाने होतो, त्यातला किती आधी कळू शकतो आणि तो झालाच तरी तिजोरी वेळेवर कशी उघडेल, हे आपल्यापुढे नीट मांडावे एवढ्यासाठी लिहिला आहे.

माझे घर ठोसेघरच्या पुढे पठारावर आहे. तेथून सातारा सुमारे २५ किलोमीटर असून वाटेत बोरणे घाट, सज्जनगड फाटा आणि बोगदा लागतो. सकाळी पावणेआठची गाडी वेळेवर निघाली, तर मी नऊच्या सुमारास बसस्थानकावर उतरते आणि साडेनऊच्या आत शाखेत असते. तिच्यानंतरची गाडी साडेनऊची आहे आणि ती धरून कितीही घाई केली तरी पावणेअकराच्या आधी पोहोचता येत नाही. मधल्या वेळेत दुसरी गाडी नाही. त्यामुळे शहरात राहणाऱ्याची बस चुकली तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, तेथे माझा उशीर थेट सव्वा तासाचा होतो. हजेरीपत्रकात माझ्या उशिराच्या वेळा जवळजवळ सारख्या दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

पावणेआठची ही गाडी मुक्कामी आहे. ती आदल्या रात्री साताऱ्याहून येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि सकाळी तीच गाडी परत निघते. आदल्या रात्रीची फेरी रद्द झाली, तर सकाळी गावात गाडीच नसते. अशा दिवशी साताऱ्याहून पहाटे पर्यायी गाडी सुटली तर सुटते, नाही तर थेट साडेनऊची. यंदा आषाढी एकादशी ६ जुलै रोजी होती. पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडाव्या लागतात, त्या ठिकठिकाणच्या आगारांतूनच काढल्या जातात आणि मग कमी प्रवाशांच्या ग्रामीण फेऱ्या आधी बंद होतात. आपल्या पत्रातील जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातील बहुतेक तारखा याच काळातील आहेत. वारकऱ्यांसाठी गाड्या द्यायलाच हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र मुक्कामी गाडी रात्री आली की नाही, हे रात्री नऊपर्यंत गावात सर्वांना कळलेले असते. म्हणजे माझ्या उशिराचा मोठा भाग आदल्या रात्रीच कळू शकतो आणि ही गोष्ट पुढील सर्व उपायांच्या मुळाशी आहे.

उरलेला भाग धुक्याचा आणि रस्त्याचा आहे आणि तो आधी कळत नाही. जून ते सप्टेंबर या काळात बोरणे घाटात सकाळी कधी कधी गाडीच्या पुढच्या काचेपलीकडे रस्त्याची कडासुद्धा दिसत नाही. अशा वेळी वाहक दारात उभा राहून कडेचे दगड बघत चालकाला आवाज देतो आणि गाडी माणसाच्या चालीने उतरते. त्या चालकाने वेग वाढवावा असे मला कधीही वाटलेले नाही आणि वाटणारही नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यातील एका तारखेबाबत मात्र मी वेगळा उल्लेख करू इच्छिते. त्या दिवशी गाडी वेळेवर निघाली होती. घाटात दरडीची माती रस्त्यावर आल्यामुळे वाहतूक एका बाजूने सोडली जात होती आणि म्हणून उशीर झाला. तो दिवस बसच्या अनियमिततेत धरू नये.

दुसरे मार्ग आहेत का, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. वडापची जीप पठारावरून येते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही आणि पावसाळ्यात सकाळी प्रवासी थोडे असल्याने तिचा नेम नसतो. माझे यजमान मला दुचाकीवरून घाट उतरवून सज्जनगड फाट्यावर सोडतात आणि तेथे परळी भागातून येणारी गाडी मिळते. कोरड्या दिवसांत हा मार्ग चांगला आहे आणि उन्हाळ्यात तो मी वापरलाही आहे. धुक्यात आणि निसरड्या रस्त्यावर मात्र दुचाकीवरून घाट उतरणे जिवावरचे आहे, ते मी करणार नाही. शिवाय फाट्यावर येणारी गाडी शाळा-कॉलेजच्या मुलांनी आणि बाजाराला निघालेल्या महिलांनी आधीच भरलेली असते. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागल्यापासून गाड्यांतील गर्दी वाढली आहे. त्या सवलतीचा लाभ मीही घेते आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांना तिचा मोठा आधार आहे, परंतु गाडी दारापर्यंत भरलेली असली की ती फाट्यावर थांबेलच याची खात्री धरता येत नाही.

उशिरा येऊन तेवढा वेळ संध्याकाळी भरून द्यावा, हा सरळ उपाय मी आधी विचारात घेतला होता. परतीची शेवटची गाडी सव्वासहाला सुटते आणि दिवसाची रोकड मोजून, जुळवून, तिजोरी बंद होईपर्यंत पावणेसहा होतातच, त्यामुळे तो मला शक्य नाही. शब्द देऊन तो पाळता न येण्यापेक्षा हे आत्ताच स्पष्ट सांगणे मला योग्य वाटते.

मी जे बदलले आहे आणि बदलणार आहे, ते असे. माझी मावशी मंगळवार पेठेत राहते. दर महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंत पगार आणि पेन्शनमुळे शाखेत सर्वाधिक गर्दी असते. सप्टेंबरअखेरपर्यंत या दिवसांत आणि दर सोमवारी मी आदल्या रात्रीच साताऱ्यात मुक्कामाला राहीन. चालू महिन्यापासून तसे राहण्यास मी सुरुवात केली आहे. घरी सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे आणि मुलगी चौथीत शिकते, त्यामुळे संपूर्ण पावसाळा साताऱ्यात राहणे मला जमणार नाही. मात्र वरील दिवसांपुरती घरातील सर्वांशी बोलून व्यवस्था केली आहे. इतर दिवशी रात्री मुक्कामी गाडी आली नाही, तर मी त्याच रात्री साडेनऊपर्यंत आपल्याला दूरध्वनीने कळवीन. सकाळी घाटात अडकल्यावर फोन लागेलच असे नाही, म्हणून रात्रीच कळवणे आवश्यक आहे.

याहून महत्त्वाची बाब किल्लीची आहे. संयुक्त ताब्यातील एक किल्ली रोज संध्याकाळी घाट चढून माझ्या घरी जाते, ही व्यवस्थाच मला पावसाळ्यात योग्य वाटत नाही. मी वेळेवर पोहोचले काय किंवा न पोहोचले काय, तिजोरी उघडणे एका बसवर अवलंबून राहू नये. सप्टेंबरअखेरपर्यंत ती किल्ली आपल्या लेखी आदेशाने शहरात राहणाऱ्या सहायक लेखापालांच्या ताब्यात द्यावी, रोज संध्याकाळी रोकड जुळल्यावर मी ती किल्ली नोंदवहीत वेळ लिहून व दोघांच्या सह्या होऊन त्यांच्याकडे सोपवावी आणि सकाळी आल्यावर तशीच नोंद करून परत घ्यावी, अशी माझी विनंती आहे. मी येईपर्यंत खिडकी त्यांनी सांभाळल्यास सुरुवातीची शिल्लक त्यांनी आपल्यासमोर मोजून घ्यावी आणि माझ्याकडे देताना पुन्हा मोजावी, म्हणजे फरक आला तर तो कोणाच्या वेळेतील हे ठरवताना वाद होणार नाही. त्यांच्यावर पडणाऱ्या या जादा कामाबद्दल मी त्यांच्याशी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. त्या बदल्यात दुपारनंतरचे पिग्मी खतावणीचे त्यांच्याकडील काम मी करीन.

यापुढील एका काळाची कल्पना आपल्याला आत्ताच देऊन ठेवणे आवश्यक आहे. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्ट रोजी आहे आणि कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांसाठी तिच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा बाहेरच्या आगारांतून गाड्या मागवल्या जातात. जुलैमध्ये जे घडले ते त्या आठवड्यात पुन्हा घडण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून २० ते २६ ऑगस्ट या काळात मी साताऱ्यातच राहणार आहे.

आमच्या भागातील प्रवाशांनी मुक्कामी गाडी नियमित ठेवण्यासाठी सह्यांचे निवेदन आगारात दिले असून त्यावर माझीही सही आहे. त्याचा निकाल काय लागेल यावर माझ्या वरील नियोजनातील कोणतीही गोष्ट अवलंबून नाही.

झालेल्या उशिराच्या दिवसांबाबत नियमानुसार माझी किरकोळ रजा वजा करावी, त्यास माझी संमती आहे. मात्र ‘कामाविषयी अनास्था’ हा आपल्या पत्रातील शब्दप्रयोग माझ्या सेवा नोंदीत जाऊ नये, अशी नम्र विनंती आहे. मी उशिरा आले त्या दिवसांतही रोकड जुळली नाही किंवा काम दुसऱ्या दिवसावर गेले, असे घडलेले नाही आणि हे आपण रोकड वहीवरून पडताळून पाहू शकता.

प्रवासाच्या पुराव्यादाखल त्या दिवसांची तिकिटे जोडत आहे. त्यांवर यंत्राने छापलेली तारीख व वेळ आहे. हा कागद काही आठवड्यांत फिकट होतो, म्हणून मूळ तिकिटांसोबत छायाप्रतीही दिल्या आहेत. फाट्यावरून बसलेल्या दिवशीच्या तिकिटावर तसा थांबा छापलेला दिसेल.

किल्लीच्या व्यवस्थेबाबत आपला निर्णय १८ ऑगस्टपूर्वी मिळाल्यास सहायक लेखापालांना ताबा देण्याची नोंद गणपतीच्या आधीच्या आठवड्यापूर्वी पूर्ण करता येईल. याबाबत प्रत्यक्ष बोलणे आवश्यक वाटल्यास मी रोकड बंद झाल्यानंतर कोणत्याही दिवशी आपल्या दालनात हजर राहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
रोखपाल,
पोवई नाका शाखा, सातारा.

सोबत : प्रवासाची मूळ तिकिटे व त्यांच्या छायाप्रती, प्रवाशांच्या निवेदनाची पोच.