ग्रुपवरच्या जाहिरातींबद्दल, सर्वांसाठी

नमस्कार मंडळी,

मेसेज जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला एका ताईंनी जास्वंदीचा फोटो टाकला. कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटल्यासारखं पांढरं, खोडावर मुंग्यांची रांग. "काय करू?" एवढंच विचारलं होतं. त्यावर लगेच मुळशीकडच्या प्लॉटची जाहिरात, मग वजन कमी करायच्या पावडरीचे चार फोटो, मग साड्यांचा सेल, आणि दुपारी तोच प्लॉट पुन्हा. ताईंचा फोटो पार वर गेला. मी स्वतः तो रात्री पाहिला. साधा पिठ्या ढेकूण होता. लागलेले शेंडे छाटा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा, मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून फवारा. दोन ओळींचं उत्तर, पण ते द्यायला दिवस गेला.

हा ग्रुप गच्चीवरच्या बागेसाठी आहे. प्लॉट, विमा, पावडर, साड्या, क्लासेस यांचं इथे काही काम नाही. वस्तू चांगली असेलही, प्रश्न तो नाही.

बागेशी संबंधित विक्रीला मात्र आडकाठी नाही. घरची रोपं, बी, गांडूळखत, जुन्या कुंड्या विकायच्या असतील तर रविवारी, एकच मेसेज, किंमत आणि भाग लिहून. जास्तीच्या फांद्या किंवा रोपं फुकट द्यायची असतील तर कधीही टाका. त्याला कोण नको म्हणेल?

दोन सदस्यांना मी वैयक्तिक मेसेज करून दोनदा सांगितलं आहे. नावं इथे घेत नाही. त्यांना आणि सगळ्यांनाच ही शेवटची सूचना समजावी. आजपासून विषयाबाहेरची जाहिरात दिसली की ती काढून टाकेन आणि त्या सदस्याला कळवेन. पुन्हा आली तर महिनाभर ग्रुपबाहेर. महिन्याने परत यायचं असेल तर मला सांगा, घेईन. त्यानंतरही तेच झालं तर मात्र परत घेणार नाही. ओळख, नातं, जुना सदस्य, काही बघणार नाही. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याच्या फराळाची जाहिरात मीच इथे टाकली होती. चूक होती, तेव्हा कुणी बोललं नाही हा तुमचा मोठेपणा. नियम मलाही लागू.

फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करा, असं काहींनी सुचवलं. ते मला नको आहे. मग फोटो कोण टाकणार आणि पानं पिवळी का पडली ते कोण विचारणार?

कुणाला हे पटत नसेल तर मला वैयक्तिक मेसेज किंवा फोन करा. इथे वाद नको. आणि चुकून दुसऱ्या ग्रुपचा मेसेज इकडे पडला तर काढून टाका, एवढ्यावरून कुणाला बाहेर काढणार नाही.

ताई, जास्वंदीचा आजचा फोटो टाका. मुंग्या अजून दिसतायत का तेही लिहा.

– अ‍ॅडमिन