रील स्क्रिप्ट: म्हशाजवळचं घर, शनिवार-रविवार (४५ सेकंद)

उभी फ्रेम. गाणं नको, चुलीचा नि भाकरी थापण्याचा मूळ आवाज ठेवायचा. पाटी फ्रेमच्या खालच्या भागात नको, तिथे कॅप्शन येतं.

०–१२ सेकंद: ओटा
दृश्य: तिपाईवर फोन, तोंड पूर्वेला. जानेवारीत पंचांगातला सूर्योदय सव्वासातचा, पण समोर सह्याद्रीची भिंत असल्याने ऊन ओट्यावर पावणेआठच्या सुमाराला पोचतं. टाइमलॅप्स सातलाच लावा. कड्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर सूर्य डोकावताच बाकी चित्र काळं पडतं. शेवटचे ३ सेकंद साध्या वेगात: चहाच्या कपावर पडलेलं ऊन आणि वाफ.
आवाज: "इथे सूर्य डोंगर चढून येतो. पावणेआठला ऊन ओट्यावर. साडेसातला उठलात तरी सूर्योदय चुकत नाही."
पाटी: म्हसा, ता. मुरबाड

१२–२९ सेकंद: चूल
दृश्य: उकड मळणारे हात, थापणं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात. मग निखाऱ्यावर भाकरी फुगते तो क्षण पूर्ण ४ सेकंद, मध्ये न कापता. पहिली भाकरी शूट करू नका, तवा नीट तापलेला नसतो. पाणी पार सुकल्यावर उलटली तर भाकरी चिरते आणि फुगत नाही. फोन हातभर लांब धरा, वाफेने लेन्स धुरकट होते. शेवटी सोललेले वाल आणि बिरड्याची वाटी.
आवाज: "तांदळाची भाकरी चुलीवरची, निखाऱ्यावरून थेट ताटात. सोबत वालाचं बिरडं. वाल एक रात्र भिजतात, दुसऱ्या रात्री मोड येतात. म्हणून शनिवारी बिरडं हवं तर गुरुवारी दुपारपर्यंत सांगा."

२९–४० सेकंद: खोली
दृश्य: दारापासून न्हाणीघरापर्यंत एकच सलग शॉट, खिडकी उघडी, दिवे बंद. वाइड लेन्स अजिबात नको. त्यात खोली दुप्पट दिसते आणि पाहुणा दारातच हिरमुसतो.
आवाज: "खोली १० बाय १२. पलंगावर दोघं, खाली गादीवर तिसरा. मच्छरदाणी आहे, एसी नाही. उशाशी दोन प्लग. कमोड आत, बंबाचं गरम पाणी साडेसहा ते नऊ."

४०–४५ सेकंद
दृश्य: खिडकीतून ओटा.
पाटी: माणशी ₹१,८००, चार वेळचं खाणं धरून

कॅप्शन
शनिवारी ११ ते रविवारी ११. शनिवारचं दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा-नाश्ता, रात्रीचं जेवण, रविवारची न्याहारी. कल्याण-मुरबाड-म्हसा रस्ता, शेवटचा १ किमी कच्चा, गाडी अंगणापर्यंत येते. पौष पौर्णिमेपासून म्हशाची जत्रा असते, त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी धरून निघा. बुकिंगसाठी मेसेजमध्ये तारीख, माणसं आणि शाकाहारी किती ते लिहा.