वाटणीआधी

प्रिय बंधुभगिनींनो, लूक 12 मध्ये गर्दीतून एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, वारशातला माझा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. मागणी कदाचित रास्तही असेल. येशू वाटणी करत नाही. लोभापासून सांभाळा म्हणतो.

आपल्याकडे बांध दरवर्षी नांगराच्या एका तासानं सरकतो. विहीर सामाईक, मोटारीची पाळी मात्र भांडणाची. मग दोघे भाऊ इथे दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि प्रभुभोजनाला एकाच मेजाशी येतात. माझ्या घरचे अडीच एकरही सहा वर्षं कोर्टात होते, म्हणून हे बोलताना मला अवघड वाटतं.

आणि बहीण? साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे वाटा मागायला उभ्या राहिल्या. परमेश्वर म्हणाला, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याला लागू असलेला 1925 चा उत्तराधिकार कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही.

अन्नवस्त्र असेल तर तृप्त असावं, असं पौल तीमथ्याला लिहितो.

मंगळवारी एका घरची मोजणी आहे. मोजणीदार येण्याआधी भावाकडे चहाला जा, बहिणीलाही बोलवा. आता प्रार्थनेसाठी उभे राहू या.