उंबऱ्याला 47 फूट

सांगलीत पावसाळ्यात एकमेकांना विचारायचा एकच प्रश्न असतो, "किती फूट झालं?" कशाचे फूट, हे कुणी सांगत नाही. आयर्विन पुलाच्या खांबावर कृष्णेचं पाणी मोजतात, तेच फूट. 40 ला इशारा, 45 ला धोका. हे आकडे सरकारी. पण नदीकाठच्या गावभागात प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो आणि तो घरातल्या बायकांना तोंडपाठ असतो. आमचा 47. पुलाजवळ 47 झालं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागायचं. 45 ला परसातल्या धुण्याच्या दगडाला, 46 ला तुळशीच्या कट्ट्याला.

ते घर 2020 च्या फेब्रुवारीत पाडलं.

पाडण्याआधी त्याला पाण्यानं आतून खाल्लं होतं. भेंड्याचं घर. बाहेरून चुन्याचा गिलावा, आत पांढऱ्या मातीचे भेंडे, आणि सगळा भार सागवानी खांडांवर. अशी भिंत दोन हात रुंद असते. उन्हाळ्यात सोप्यात पंखा लागायचा नाही, थंडीत माजघरातून उठवत नसे. पाऊस कितीही पडू दे, वरून कौलं धड असली की भेंड्याला काही होत नाही. पण तळाशी पाणी साचून राहिलं की माती आपली ओळख विसरते. 2005 ला माजघरात पुरुषभर पाणी आलं होतं, तरी घर तगलं. भिंती वाळायला वर्ष गेलं आणि आजीनं तेवढं वर्षभर भिंतीला टेकून बसायचं सोडलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुलाजवळ 57 फूट ओलांडले. पाणी माळ्याच्या फळ्यांवर गेलं आणि कितीतरी दिवस हललं नाही. ओसरल्यावर आम्ही चिखल काढत आत गेलो, तेव्हा मधल्या भिंतीनं पोट काढलेलं होतं. हात लावला तर गिलाव्यामागची माती भिजवलेल्या कणकेसारखी लागली. पुढं वाटण्या, सह्या, बिल्डर, ते सगळं कुठल्याही घरात होतं तसंच झालं.

सोप्यातल्या डावीकडच्या खांडावर आजोबांनी किकऱ्यानं खाचा पाडलेल्या होत्या. एकेका पुराची एकेक, लहानमोठ्या पाच. सहावी वडिलांनी 2005 ची पाडली. मुलांची उंची भिंतीवर लिहून ठेवतात, तशी आमच्याकडं नदीची उंची होती. लहानपणी मी त्या खांडाला पाठ लावून उभी राहायची आणि आजी सांगायची, "अजून बुडशील." दहावीत असताना मी आजोबांच्या सगळ्यांत वरच्या खाचेच्या पुढं गेले, त्या दिवशी तिनं शिरा केला होता. 2019 ची खाच कुणीच पाडली नाही. त्या पुराला खांडच पुरला नसता.

लाकूड एका व्यापाऱ्यानं घेतलं. मी म्हटलं, खाचांपुरता तुकडा मला कापून द्या. तो बरोबरच बोलला, अखंड खांडाला भाव आहे, कापला की जळण. भाऊ गप्प बसला आणि मीही. वाट्यात सगळ्यांचे पैसे होते. मग शेजारच्या दुकानातून सुतळीचा बिंडा आणला, खांडाच्या पायथ्याच्या दगडी तळखड्यावर एक टोक धरलं आणि वर ताणत गेले. प्रत्येक खाचेपाशी एक गाठ. सहा गाठी. कामावरचा पोरगा बघत होता, त्यानं न सांगता वरचं टोक धरलं. काही विचारलं नाही, याबद्दल मला अजून त्याचं बरं वाटतं.

कौलं आधी उतरली, मग रिपा, वासे, तुळया. वर आभाळ उघडं पडल्यावर घर एकदम लहान दिसायला लागलं. बारा खणांचं घर, ज्यात आम्ही चुलतभावंडं लपाछपीत तासतासभर सापडत नव्हतो, ते एका नजरेत मावलं. शेवटी जेसीबी आला. दोन दिवस. शेजारच्यांची आणि आमची भिंत सामाईक होती, म्हणून ती तेवढी राहिली. तिच्यावर माजघराचा निळा रंग, चुलीमागचा काळा पट्टा आणि मधोमध कोनाडा. त्या कोनाड्यात आजीची तपकिरीची डबी असायची. रस्त्यावरून जाणारा कुणीही आता आमच्या स्वयंपाकघरात बघू शकत होता. मला ते सहन होईना. पाडलेल्या जागेकडं बघवत होतं, त्या निळ्या भिंतीकडं नाही.

माती डिग्रजच्या एका शेतकऱ्यानं ट्रॉल्या भरून नेली. जुन्या घराची पांढरी शेताला खत म्हणून चांगली असते, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. हळदीला टाकणार म्हणाला. आजी असती तर तिला हे आवडलं असतं. मला आवडलं, एवढं मी स्वतःपुरतं सांगू शकते.

सुतळी माझ्याकडं आहे, मिरजेला, कपाटात. मध्ये एकदा काढली आणि घरातल्या फरशीवर एक टोक धरून उभी केली. पहिली गाठ गुडघ्याच्या वर आली. पण ती कशाची उंची, कुठून मोजलेली? सुतळीला जमीन लागते. आणि जमीनही राहिली नव्हती, कारण बिल्डरनं पूर चुकवायला त्या जागेवर चार फूट मुरूम टाकून रोलर फिरवला होता. आमचा उंबरा जिथं होता तिथं आता मुरुमाच्या पोटात काळोख असेल.

मला वाटत होतं, आता खरोखर काही उरलं नाही.

मग 2021 चा जुलै आला. कोयनेच्या पाणलोटात पाऊस कोसळत होता आणि नदी बघता बघता चढली. मी मिरजेहून भावाकडं आले होते. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तिथं पुराची भीती नाही. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं. दिवसभर ती आपल्या खुर्चीत बसून भावाला विचारत होती, "किती फूट?" तो मोबाइल बघून सांगायचा. 45 ला ती म्हणाली, "धुण्याचा दगड गेला." 46 ला, "तुळस." आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. अशा वेळी काय बोलायचं, ते सुचत नाही. रात्री 47 झालं. आईनं पदर खोचला, जसा ती ज्वारीची पोती माळ्यावर चढवताना खोचायची, आणि म्हणाली, "उंबऱ्याला लागलं."

भावाला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, "आई, आता तिथं चार फूट मुरूम टाकलाय गं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, याला सांगायची काय गरज होती. तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे 51 ला लागेल," ती म्हणाली. "झोपा तुम्ही. मी आहे जागी."

आम्ही कुणीच झोपलो नाही. 51 झालं तेव्हा भावानं तिला विचारायच्या आधीच सांगितलं. आईनं खुर्चीतूनच पाय वर घेतले.