आधी चिन्ह, मग सूत्र: भिंगांच्या प्रतिमा

मुलांनो, वही अजून उघडू नका. दिवे मालवा आणि फक्त समोरच्या भिंतीकडे बघा.

माझ्या हातात बहिर्वक्र भिंग आहे, मध्ये जाड आणि कडेला पातळ. खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ मी ते धरते आणि हळूहळू मागेपुढे करते. आधी नुसता उजेडाचा डाग. आता गजांच्या कडा दिसायला लागल्या. आणि आता बघा, खिडकी अगदी स्पष्ट, पण छोटी आणि उलटी. आभाळ खाली, जमीन वर. पट्टीने भिंग ते भिंत अंतर मोजा. १० सेमी भरलं ना? लांबच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगापाशी पोहोचताना जवळजवळ समांतर असतात, आणि समांतर किरण जिथे एकत्र येतात ती नाभी. म्हणजे या भिंगाचं नाभीय अंतर सुमारे १० सेमी. (हा प्रयोग करताना भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. डोळ्याला कायमची इजा होते.)

आता एक प्रश्न. पुठ्ठ्याने मी भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला तर भिंतीवर काय दिसेल? दरवर्षी निम्मा वर्ग म्हणतो, अर्धी खिडकी गायब होईल. झाकून बघूया. खिडकी पूर्ण दिसते आहे, फक्त उजेड कमी झाला. कारण खिडकीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागावर पडतात आणि सगळे मिळून एकाच ठिकाणी पोहोचतात. अर्धे अडवले तरी उरलेले अर्धे त्याच ठिकाणी जातात. हे नीट मनात ठेवा, कारण आकृतीत आपण दोनतीनच किरण काढतो आणि मग वाटतं की प्रतिमा त्या दोनतीन किरणांमुळेच तयार होते. तसं नाही. ते फक्त काढायला सोपे असतात.

ते सोपे किरण असे. मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण बहिर्वक्र भिंगातून पलीकडच्या नाभीतून, F₂ मधून जातो. प्रकाशीय केंद्रातून जाणारा सरळ निघून जातो. F₁ मधून येणारा किरण भिंगातून बाहेर पडताना अक्षाला समांतर होतो. यांतले कुठलेही दोन पुरे.

आता मेणबत्ती पेटवून पट्टीवर ठेवते आणि भिंगाच्या जवळ जवळ आणते. ज्योत ६० सेमीवर असताना पडदा १२ सेमीवर ठेवावा लागतो, प्रतिमा इवलीशी. ३० वर आणली की प्रतिमा १५ वर. २० सेमीवर, म्हणजे बरोबर २F₁ वर, प्रतिमाही २० सेमीवर आणि आकार ज्योतीएवढाच. १५ वर आणली की प्रतिमा ३० वर, दुप्पट मोठी. १२ वर आणली की थेट ६० वर, पाचपट. गंमत बघितलीत का? ६० ला १२ आणि १२ ला ६०. ३० ला १५ आणि १५ ला ३०. प्रकाशाचा मार्ग उलटवता येतो, म्हणून वस्तू आणि प्रतिमा जागा बदलू शकतात. इथपर्यंतच्या सगळ्या प्रतिमा पडद्यावर मिळाल्या, म्हणजे वास्तव, आणि सगळ्या उलट्या.

ज्योत १० सेमीवर, म्हणजे F₁ वर आली की पडदा कितीही मागे न्या, काही सापडत नाही. भिंगातून बाहेर पडणारे किरण समांतर झाले. प्रतिमा अनंत अंतरावर गेली, असं आपण म्हणतो.

ज्योत आणखी आत, ८ सेमीवर आणते. पडदा बाजूला ठेवा आणि पलीकडून भिंगात डोकावा. ज्योत सुलटी आणि खूप मोठी दिसते. किरण आता पसरतच बाहेर येतात. डोळ्याला ते ज्योतीच्याच बाजूच्या, आणखी मागच्या एका जागेवरून आल्यासारखे वाटतात. ही आभासी प्रतिमा. बारीक अक्षरं वाचायला आपण भिंग असंच वापरतो.

अंतर्वक्र भिंगाचं सांगायला फार वेळ लागत नाही. मध्ये पातळ, कडेला जाड. समांतर किरण ते पसरवतं, जणू ते वस्तूच्या बाजूच्या F₁ मधून निघाले आहेत. खरी वस्तू समोर कुठेही ठेवा, प्रतिमा आभासी, सुलटी, लहान आणि F₁ व प्रकाशीय केंद्र यांच्या मधेच.

आता वही उघडा

मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "बाई, अंतर कधी ऋण असतं का? पट्टीवर तर वजा तीस नसतंच." अगदी बरोबर प्रश्न. पट्टी फक्त किती ते सांगते, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. ज्योत ८ सेमीवर होती तेव्हा प्रतिमा ४० सेमीवर होती, पण पडद्याच्या बाजूला की ज्योतीच्या? ते सांगायला चिन्ह लागतं. चिन्ह म्हणजे बाजू, एवढंच.

आलेखाच्या वहीतले अक्ष भिंगावर ठेवा. आरंभबिंदू प्रकाशीय केंद्रावर, X अक्ष मुख्य अक्षावर. वस्तू नेहमी डावीकडे ठेवायची, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जाईल. सगळी अंतरं केंद्रापासून मोजायची. उजवीकडे मोजलेलं धन, डावीकडे मोजलेलं ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. बाकी सगळं यातूनच निघतं. वस्तू डावीकडे, म्हणून आपल्या गणितांत u ऋण. वास्तव प्रतिमा उजवीकडे, म्हणून v धन. आभासी असेल तर v ऋण. बहिर्वक्र भिंग समांतर किरण उजवीकडे गोळा करतं, म्हणून f धन. अंतर्वक्र भिंगात ते डावीकडून आल्यासारखे वाटतात, म्हणून f ऋण.

सूत्र: १/v − १/u = १/f
विशालन: M = h₂/h₁ = v/u

इथे थोडं थांबते, कारण उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात. आरशाच्या सूत्रात अधिक होतं आणि विशालनात वजा. भिंगात नेमकं उलट. दोन्ही सूत्रं वहीत शेजारी लिहून ठेवा. दुसरी चूक अशी की सूत्रातलं वजा आणि u चं वजा एकच समजून त्यातलं एक गाळलं जातं. ती दोन वेगळी आहेत. म्हणून किंमत नेहमी कंसात भरा: −१/(−३०), म्हणजे +१/३०.

एक गणित सोबत करू. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, उंची ४ सेमी. सूत्राला हात लावण्याआधी एक ओळ: f = +२०, u = −३०, h₁ = +४, v = ? ही ओळ लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१/v = १/f + १/u = १/२० − १/३० = १/६०
v = +६० सेमी
M = ६०/(−३०) = −२, h₂ = −८ सेमी

v धन, म्हणजे उजवीकडे, वास्तव. M ऋण, म्हणजे उलटी. दुप्पट मोठी.

याच गणितात u चं चिन्ह विसरलं तर? १/२० + १/३० = ५/६०, v = १२ सेमी. आकडा दिसायला छान आहे, पण खरा असू शकत नाही. बहिर्वक्र भिंगाने मिळालेली खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. २० च्या आत १२ दिसलं की लगेच मागे वळून चिन्हं तपासा.

आता भिंग बदला, आकडे तेच. अंतर्वक्र: f = −२०, u = −३०.

१/v = −१/२० − १/३० = −५/६०
v = −१२ सेमी, M = (−१२)/(−३०) = +०.४

डावीकडे, आभासी, सुलटी, लहान. f च्या एका चिन्हाने प्रतिमा उजवीकडच्या ६० वरून डावीकडच्या १२ वर आली.

फक्त चिन्हं, तोंडी

आकडेमोड नाही. मी वाक्य म्हणेन, तुम्ही चिन्हासकट किंमत सांगा. खालचं उत्तर हाताने झाकून ठेवा.

"वस्तू भिंगासमोर १८ सेमीवर."
u = −१८ सेमी.

"पडद्यावर ४० सेमीवर स्पष्ट प्रतिमा."
v = +४० सेमी. पडदा म्हटलं की वास्तव.

"अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर २५ सेमी."
f = −२५ सेमी. गणितात 'वजा' छापलेलं नसतं. भिंगाच्या नावावरून आपण लावायचं.

"भिंगातून पाहिल्यावर मोठी प्रतिमा, वस्तूच्याच बाजूला ३० सेमीवर."
v = −३० सेमी. मोठी आणि सुलटी, म्हणजे भिंग बहिर्वक्र, f धन.

"उलटी प्रतिमा, उंची २ सेमी."
h₂ = −२ सेमी.

"M = +०.५. भिंग कोणतं?"
अंतर्वक्र. बहिर्वक्र भिंगातली सुलटी प्रतिमा वस्तूपेक्षा मोठीच असते.

"चष्म्याचा नंबर −२.५ डायऑप्टर."
शक्ती P = १/f, पण f मीटरमध्ये. f = −०.४ मीटर = −४० सेमी, अंतर्वक्र. सेंटिमीटर तसेच भरले तर उत्तर शंभरपट चुकतं.

लिहून सोडवा

१. बहिर्वक्र, f १५ सेमी. प्रतिमा सुलटी आणि तिप्पट हवी. वस्तू कुठे ठेवाल?
सुलटी, म्हणून M = +३, v = ३u. १/(३u) − १/u = १/१५, म्हणून −२/(३u) = १/१५, u = −१० सेमी. v = −३० सेमी.

२. भिंगापासून ६० सेमीवरच्या पडद्यावर तिप्पट प्रतिमा. f किती?
पडदा आहे, म्हणजे वास्तव आणि उलटी: M = −३. v = +६०, म्हणून u = −२० सेमी. १/f = १/६० + १/२० = ४/६०, f = +१५ सेमी.

भिंग तेच, दोन्हीकडे तिप्पटच, तरी उत्तरं वेगळी. फरक फक्त M च्या चिन्हाचा. 'तिप्पट' वाचल्याबरोबर ३ लिहू नका; आधी सुलटी की उलटी ते शोधा.

३. अंतर्वक्र, f १० सेमी, वस्तू ३० सेमीवर.
१/v = −१/१० − १/३० = −४/३०, v = −७.५ सेमी, M = +०.२५.

४. मेणबत्ती आणि पडदा यांत ९० सेमी अंतर आहे आणि दोन्ही जागचे हलवायचे नाहीत. २० सेमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग मधे सरकवलं तर दोन ठिकाणी स्पष्ट प्रतिमा मिळते. कुठे?
पहिली जागा आपण सोडवलेलीच आहे: u = −३०, v = +६०, M = −२. दुसरी तिची अदलाबदल: u = −६०, v = +३०, M = −१/२. उद्या हे पट्टीवर मांडून दोन्ही जागा शोधायच्या. भिंग कुठे धरायचं ते आधी वहीत लिहा, मग मेणबत्ती पेटवू.