विषय: वारंवार उशिरा येण्याबाबत लेखी ताकीद, आढावा बैठक 1 ऑगस्ट 2025

दि. 1 जुलै 2025
प्रति: निखिल, ग्राहकसेवा विभाग
प्रत: मनुष्यबळ विभाग

निखिल,

सकाळच्या पाळीला वेळेवर न येण्याबद्दल मी 13 मे रोजी तुमच्याशी तोंडी बोललो होतो. पुढच्या आठवड्यापासून सुधारणा होईल, असे तुम्ही तेव्हा म्हणालात आणि मे अखेरपर्यंत ती दिसलीही. जूनमध्ये मात्र पुन्हा तेच सुरू झाल्याने ही लेखी ताकीद देत आहे.

तुमच्या पाळीची वेळ 9.30 आहे आणि 10 मिनिटांची सवलत सर्वांनाच आहे. जूनमधल्या बायोमेट्रिक हजेरीतील नोंदी अशा:

2 जून – 9.52
5 जून – 10.05
11 जून – 9.48
17 जून – 10.20
24 जून – 10.12

यांपैकी एकाही दिवशी आधी फोन किंवा मेसेज आलेला नाही. 27 जूनला उशीर होणार हे तुम्ही आदल्या संध्याकाळीच कळवले होते आणि 20 जूनला मशीन बंद होते. हे दोन्ही दिवस मी धरलेले नाहीत. एखादी नोंद चुकीची वाटत असेल तर जरूर सांगा, आपण ती मनुष्यबळ विभागाकडून तपासून घेऊ.

तुम्ही येईपर्यंत रात्रपाळीच्या माणसाला फोन सोडून उठता येत नाही. 17 जूनला रात्रभर काम केलेल्या सहकाऱ्याला तुमच्यासाठी आणखी 50 मिनिटे बसावे लागले. तक्रार त्यांनी केली नाही, मीच हजेरीपत्रकात पाहिले. तुमच्या कामाच्या दर्जाबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, उलट अवघड ग्राहक मी तुमच्याकडेच पाठवतो. प्रश्न फक्त वेळेचा आहे.

उशिरामागे तब्येत, घरची जबाबदारी किंवा प्रवासाची अडचण असेल तर ती मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मदतही करता येत नाही. गरज असल्यास जुलै महिन्यापुरती तुमची पाळी 10.30 ते 7 करता येईल, मनुष्यबळ विभागाची त्याला संमती आहे. तब्येतीचे कारण मला सांगायचे नसेल तर थेट त्या विभागाशी बोला, ते गोपनीय राहील. यातले काय हवे ते शुक्रवार, 4 जुलैपर्यंत कळवा. काहीच नको असेल तर तसेही लिहा.

आजपासून ठरलेल्या वेळेला हजर राहणे अपेक्षित आहे. अगदीच अडचण आली तर 9 वाजण्यापूर्वी मला फोन करा; ग्रुपवरचा मेसेज पुरेसा धरला जाणार नाही.

शुक्रवार, 1 ऑगस्ट रोजी दुपारी 4 वाजता आपण जुलैची हजेरी समोर ठेवून आढावा घेऊ. मनुष्यबळ विभागाचा प्रतिनिधी असेल, तुम्हीही एखाद्या सहकाऱ्याला सोबत आणू शकता. सुधारणा झाली असेल तर हा विषय तिथेच बंद होईल. विनाकारण उशीर सुरूच राहिला तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सुरू करावी लागेल.

या ईमेलची प्रत तुमच्या वैयक्तिक फाइलमध्ये ठेवली जाईल. तुमचे म्हणणे लेखी दिलेत तर तेही सोबत लावू. ईमेल मिळाल्याची पोच उद्या संध्याकाळपर्यंत द्यावी.

महेश
विभागप्रमुख, ग्राहकसेवा