खाट क्रमांक 14 : इन्शुलिनचा स्लायडिंग स्केल तक्ता

स्त्री वैद्यकीय वॉर्ड, ठाणे. मंगळवार, 12 ऑगस्ट 2025, सायंकाळी 5. हा तक्ता शुक्रवार, 15 ऑगस्ट सकाळी 8 पर्यंतच लागू राहील. त्यानंतर तो आपोआप पुढे चालू ठेवू नये, नव्या सहीचा तक्ता मागून घ्यावा.

रुग्ण 58 वर्षांच्या असून वजन 60 किलो आहे. टाइप 2 मधुमेह 11 वर्षांपासून आहे आणि उजव्या पायाच्या जखमेत पू झाल्यामुळे त्या दाखल आहेत. क्रिएटिनिन 1.1 आहे. घरी चालू असलेल्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या बंद केल्या असून पिशवीत शिल्लक असलेल्या गोळ्या नातेवाइकांकडे परत दिल्या आहेत.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट सरांनी आज राउंडला केस पेपरवर लिहिलेली ऑर्डर अशी आहे : "ग्लार्जिन 12 रात्री, रेग्युलर 4 तीन वेळा जेवणाआधी, अधिक स्केल, 150 च्या वर दर 50 ला 2, रात्री निम्मे, 350 च्या वर कळवा." हिशोब बरोबर आहे : 60 किलोला किलोमागे 0.4 युनिट म्हणजे दिवसाचे 24, त्यातले निम्मे ग्लार्जिन आणि उरलेले तीन जेवणांत विभागलेले. परंतु रात्रपाळीच्या सिस्टरांना या ओळीवरून दर वेळी बेरीज करावी लागली असती. शिवाय 200 नेमके कोणत्या पायरीत धरायचे, 90 आले तर पूर्ण 4 द्यायचे का आणि रुग्ण जेवणार नसेल तर काय करायचे, हे त्यात नव्हते. हे तिन्ही प्रश्न सरांना फोनवर विचारले, त्यांची उत्तरे वाचून दाखवून पक्की केली आणि मगच खालचा तक्ता आखला. यातला आकडा शेवटचा आहे, त्यात काहीही मिळवू नये.

| साखर (मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर) | जेवणार असल्यास रेग्युलर | जेवणार नसल्यास रेग्युलर | रात्री 10 वाजता रेग्युलर |
|---|---|---|---|
| 70 पेक्षा कमी | देऊ नये, साखर कमी झाल्याचे उपचार | देऊ नये, तेच उपचार | देऊ नये, तेच उपचार |
| 70 ते 100 | 2 युनिट, ताट समोर आल्यावर | नाही | नाही |
| 101 ते 150 | 4 युनिट | नाही | नाही |
| 151 ते 200 | 6 युनिट | 2 युनिट | नाही |
| 201 ते 250 | 8 युनिट | 4 युनिट | 2 युनिट |
| 251 ते 300 | 10 युनिट | 6 युनिट | 3 युनिट |
| 301 ते 350 | 12 युनिट | 8 युनिट | 4 युनिट |
| 350 पेक्षा जास्त | आधी डॉक्टरांना फोन | आधी डॉक्टरांना फोन | आधी डॉक्टरांना फोन |

साखर सकाळी 7:30, दुपारी 12, सायंकाळी 7 आणि रात्री 10 वाजता पाहावी. पहाटे 2 वाजताची तपासणी केवळ साखर उतरत नाही ना हे पाहण्यासाठी आहे. त्या वेळी आकडा वर असला तरी रेग्युलर देऊ नये, मात्र 350 ओलांडल्यास फोन करावा. उदाहरणार्थ, दुपारी 236 आले आणि जेवण तयार असेल तर 8 युनिट द्यावेत, पण रुग्णाला उलट्या होत असतील तर 4 च द्यावेत.

रेग्युलर जेवणाच्या 30 मिनिटे आधी द्यायचे असते आणि इथेच घोटाळा होण्याची सर्वांत अधिक शक्यता आहे. या रुग्णाचा डबा मुलगा कळव्याहून घेऊन येतो आणि पावसात लोकल रखडली की तो तासभर उशिरा पोहोचतो. म्हणून डबा किंवा वॉर्डचे ताट प्रत्यक्ष खाटेजवळ दिसल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. "निघालाय, पोहोचतोच आहे" हा फोन पुरेसा समजू नये. इंजेक्शननंतर रुग्णाने निम्म्याहून कमी खाल्ले तर लगेच कळवावे आणि दोन तासांनी साखर पुन्हा पाहावी.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. फळ सोललेल्या किंवा चहात बिस्किट बुडवलेल्या बोटावरचा आकडा खोटा वर येतो आणि त्या आकड्यावर दिलेले इन्शुलिन मात्र खरे असते.

ग्लार्जिन रोज रात्री 10 वाजता 12 युनिट, साखर 110 असली तरी आणि 240 असली तरी. स्केलमध्ये "नाही" आले म्हणून ग्लार्जिनही टाळणे ही चूक आहे, कारण ते जेवणासाठी नसून शरीराची दिवसभराची गरज भागवण्यासाठी आहे. 100 पेक्षा कमी आल्यास मात्र देण्यापूर्वी विचारावे. ग्लार्जिन आणि रेग्युलर दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, तेव्हा लेबल मोठ्याने वाचूनच औषध घ्यावे. दोन्ही एका सिरिंजमध्ये कधीही एकत्र करू नयेत.

रेग्युलरची बाटली 40 युनिट प्रति मिली आहे. तिच्यासाठी फक्त लाल टोपणाची 40 ची सिरिंज वापरावी. नारिंगी टोपणाची 100 ची सिरिंज वापरून 10 च्या रेषेपर्यंत भरल्यास प्रत्यक्षात 4 च युनिट जातात. ग्लार्जिनचे पेन 100 युनिट प्रति मिलीचे आहे. त्यातून सिरिंजने इन्शुलिन काढू नये, कारण लाल सिरिंजमध्ये तीच 10 ची रेषा 25 युनिट होते. डोस नोंदवताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा. इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि 4 चे 40 होतात.

रेग्युलरचा परिणाम सहा ते आठ तास टिकतो. रात्री 10 वाजता सायंकाळचा डोस अजून काम करत असतो, म्हणूनच त्या वेळचा स्तंभ निम्मा ठेवला आहे. दोन तासांत साखर उतरली नाही म्हणून तक्त्याबाहेरचा जादा डोस विचारल्याशिवाय देऊ नये.

साखर 70 च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्यावे, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजूनही 70 च्या खाली असल्यास तेवढेच पुन्हा द्यावे. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर तपासणीची वेळ झालेली नसली तरी लगेच बोट टोचावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. हाताच्या कॅन्युलातून 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली सुरू करून त्याच वेळी डॉक्टरांना बोलवावे. अशा प्रसंगानंतर पुढच्या जेवणाचा डोस तक्त्यावरून न देता विचारून द्यावा.

350 च्या वर आल्यास हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासावे, लघवीतील कीटोन पाहावेत आणि दोन्ही निकाल हातात घेऊन फोन करावा. फोनवर मिळालेला डोस वाचून दाखवावा, वेळेसह लिहावा.

गुरुवारी सकाळी पायाच्या जखमेची शस्त्रक्रियेने सफाई आहे, त्यामुळे बुधवारी रात्री 12 नंतर तोंडाने काही नाही. त्या रात्री ग्लार्जिन 12 ऐवजी 10 युनिट द्यावे, हेही सरांनी सांगितले आहे. गुरुवारी साखर सकाळी 6 आणि दुपारी 12 वाजता पाहून "जेवणार नसल्यास" हा स्तंभ वापरावा. रुग्णाने पहिले पूर्ण जेवण घेण्याच्या वेळेपासून पुन्हा नेहमीचा स्तंभ सुरू करावा.

तक्ता आखला : निवासी डॉक्टर, स्त्री वैद्यकीय वॉर्ड. मूळ ऑर्डरशी ताडून पाहिला : सायंपाळीच्या प्रमुख सिस्टर, 5:40 वाजता. एक प्रत खाटेच्या पायथ्याशी, दुसरी इन्शुलिनच्या फ्रिजवर लावली आहे. आधीची चिठ्ठी केस पेपरवर तिरकी रेघ मारून रद्द केली आहे.